शेजारच्या बाकावरचा धूर

अप्पांनी पोह्यांची प्लेट अर्धी ठेवली आणि ते उठले. इंदुरात माणूस पोहे टाकून उठत नाही. भांडण झालं, फोन आला, स्कूटर कुणी ढकलली, तरी एका हातात प्लेट असतेच. त्यात रविवारची सकाळ होती, पातेल्याच्या वाफेवरचे पोहे नुकते वाढलेले, वर शेव, डाळिंबाचे दाणे, जिरावण भुरभुरलेलं, शेजारी कढईतून काढलेली जिलबी. मी समोर बसले होते. मला आधी वाटलं, त्यांना ठसका लागला. मग लक्षात आलं, की शेजारच्या बाकावर कॉलेजातला एक मुलगा येऊन बसला होता आणि त्यानं सिगारेट पेटवली होती. त्याच्या डोक्याच्या बरोब्बर वर भिंतीवर पाटी होती, धूम्रपान निषेध क्षेत्र. अप्पा काही बोलले नाहीत. प्लेट ठेवली, रुमालानं हात पुसले आणि रस्त्यावर जाऊन उभे राहिले. दुकानदारानं हाक मारली, “बाबूजी, पंखा तेज कर देता हूँ, बैठो ना.” अप्पांनी हातानंच नको म्हटलं.

त्यांना काही आठवड्यांपूर्वी स्टेंट बसवला होता. आमच्या रामबागेतल्या गल्लीत ही बातमी सगळ्यांना ठाऊक होती, त्यामुळे परतताना त्यांच्या मुलानं हसत हसत विषय काढला. “बाबा आता फारच करतात. रस्त्यावर इतके टेंपो, इतकी धूळ, ते सगळं चालतं. कुणाची तरी एक सिगारेट, तीही चार हातांवर, दहा मिनिटं. एवढ्यानं काय होतंय?” अप्पा म्हणाले, “डॉक्टरांनी सांगितलंय.” संवाद तिथंच संपला. माझ्या डोक्यात मात्र तो प्रश्न बसून राहिला, कारण मुलाचं बोलणं तसं वावगं नव्हतं. वीस वर्षं ओढणाऱ्याचं हृदय बिघडतं हे कुणालाही पटतं. पण दुसऱ्याच्या सिगारेटीचा, हवेत विरलेला, पंख्यानं ढकललेला धूर, त्याचं किती माप धरायचं? मी आयुष्यभर कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं. “एवढ्यानं काय होतंय” हा प्रश्न ऐकला, की त्यातल्या “एवढ्यानं”ला आकडा लावल्याशिवाय मला चैन पडत नाही.

आमच्या लहानपणी हा प्रश्नच नव्हता. धूर हा घरातल्या सामानाचा भाग होता. बैठकीत काचेचा जाड ॲशट्रे असे आणि तो घासायचं काम माझ्याकडे. राख ओल्या फडक्याला चिकटायची, बोटांना एक कडवट वास दिवसभर राहायचा. वडील ओढत नसत, पण पाहुणा आला की ॲशट्रे पुढे सरकवणं हे पाण्याचा तांब्या पुढे करण्याइतकंच रीतीचं होतं. सिनेमाच्या थिएटरात तर मला पडद्यापेक्षा डोक्यावरून जाणारा तो प्रकाशाचा झोत बघायला आवडे. त्यात निळसर धुराच्या लाटा सरकत असत, बाल्कनीतून नवीन लोट आला की झोत जाडसर होई. सुंदर दिसायचं, हे खरंच सांगते. घरी आल्यावर आईनं वेणी सोडली की केसांतून तो वास यायचा आणि ती “किती कोंदट होतं गं” म्हणायची. बस, तेवढीच तक्रार. बसमध्ये, डब्यात, बँकेत, डॉक्टरांच्या खोलीबाहेरच्या बाकावरसुद्धा लोक ओढत. डॉक्टरही ओढत.

त्या काळी हे कुणी मोजलं असतं तरी तुलना कशाशी करणार होतं? धूर नसलेली जागाच नव्हती.

मोजायचं असेल तर एक गाव असं हवं, जिथं धूर एका ठरलेल्या दिवशी थांबला. आणि शक्य झालं तर पुन्हा सुरूही झाला. असं गाव खरोखर सापडलं, तेही योगायोगानं. अमेरिकेतल्या मोंटाना राज्याची राजधानी, हेलेना. डोंगरांत एकटं पडलेलं, आसपासची वस्ती धरून साधारण अडुसष्ट हजार माणसांचं आणि सबंध टापूत हृदयविकाराचा झटका आला तर जायला एकच इस्पितळ. ५ जून २००२ला तिथं बार, हॉटेलं, कामाच्या जागा सगळीकडे सिगारेटबंदी लागू झाली. विरोध झाला, प्रकरण कोर्टात गेलं आणि डिसेंबरमध्ये कोर्टाच्या हुकमानं बंदीची अंमलबजावणी थांबली. म्हणजे जून ते नोव्हेंबर असे सहा महिने धूर बंद, त्याआधी चालू, त्यानंतर चालू. एखाद्या शास्त्रज्ञानं मुद्दाम असा प्रयोग मांडायचा म्हटलं असतं तर नीतिसमितीनं त्याला दारातूनच परत पाठवलं असतं.

तिथल्या दोन डॉक्टरांनी, रिचर्ड सार्जंट आणि रॉबर्ट शेपर्ड यांनी, स्टँटन ग्लँट्झ या संशोधकाला सोबत घेऊन इस्पितळाची कागदपत्रं काढली. इतर वर्षी याच सहा महिन्यांत गावातल्या लोकांचे झटके सरासरी ४० असत. बंदीच्या सहा महिन्यांत ते २४ झाले. तुलना त्याच महिन्यांची केली हे महत्त्वाचं, कारण थंडीत झटके वाढतात. नोव्हेंबरची गाठ फेब्रुवारीशी घातली असती तर काहीही सिद्ध करता आलं असतं. आणि त्यांनी आणखी एक शहाणपण केलं. गावाच्या हद्दीबाहेरचे, पण त्याच इस्पितळात येणारे रुग्ण वेगळे मोजले. बंदी गावापुरती होती. बाहेरच्यांचे झटके कमी झाले नाहीत, उलट सरासरी १२.४च्या जागी १८ आले. इस्पितळाची नोंदवही बदलली असती, नवीन डॉक्टर आला असता, उन्हाळा सौम्य गेला असता, तर दोन्ही आकडे एकाच दिशेला हलले असते. ते तसे हलले नाहीत.

एप्रिल २००४मध्ये हे ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आलं तेव्हा जगभर मथळे झाले. त्याच्या एक वर्ष आधी परिषदेत पहिल्यांदा सांगितलं गेलं तेव्हा घट साठ टक्के म्हणून सांगितली होती. छापताना ती चाळीस झाली. हा तपशील मला फार बोलका वाटतो. गाव तेच, महिने तेच, पण तुलनेला आणखी एक वर्ष जोडलं आणि हिशोब नीट मांडला की आकडा एकदम साठावरून चाळीसवर येतो. लहान आकड्यांचा हा स्वभावच आहे. चाळीस ही सरासरी असलेली गोष्ट काही कारण नसताना, नुसत्या योगायोगानं, सहा-सातनं इकडे तिकडे होतच असते. चाळीसचं वर्गमूळ काढलं की हा अंदाज मिळतो, माझ्या विद्यार्थ्यांना हे झोपेतही यायचं. त्या निबंधातच लिहिलं होतं, की घट १६ दिसते खरी, पण खरी घट जवळजवळ शून्यापासून बत्तीसपर्यंत कुठंही असू शकते. मथळ्यात चाळीस टक्के गेले. ही ओळ आतच राहिली.

माझी भाची इथल्याच एका इस्पितळात हृदयरोग्यांच्या आयसीयूत काम करते. तिला मी हे सांगत होते, तेव्हा ती रात्रपाळी करून आलेली, डोळे चोळत चहा पीत होती. म्हणाली, “मावशी, चाळीस टक्के कमी झाले असते तर माझ्या वॉर्डात पलंग रिकामे दिसले असते. मी आजवर रिकामा पलंग पाहिला नाही.” तिचं बोलणं थट्टेचं होतं, पण त्यात एक खरी परीक्षा दडलेली आहे. आकडा निघाला की आधी विचारावं, हा शक्य तरी आहे का?

कागद-पेन्सिल घेतली. स्वतः न ओढणारा पण सतत धुरात वावरणारा माणूस घ्या. त्याचा हृदयविकाराचा धोका धुरापासून लांब असणाऱ्यापेक्षा पंचवीस ते तीस टक्क्यांनी जास्त असतो, हे अनेक अभ्यासांत पुन्हा पुन्हा आलेलं आहे. आता हजारो माणसं अशी धरा, जी सगळीच्या सगळी धुरात होती. स्वच्छ हवेत त्यांना १०० झटके आले असते तर धुरात १३० येतील. बंदीनं धूर पूर्ण नाहीसा केला, अगदी शेवटच्या झुरक्यापर्यंत, तरी १३०चे १०० होतील. म्हणजे घट तेवीस टक्के. ही कमाल मर्यादा. गावातली निम्मीच माणसं धुरात होती असं धरलं तर ११५चे १००, घट तेरा टक्के. पाचातला एकच माणूस धुरात होता तर सहा टक्क्यांच्याही आत. आणि घरातला धूर कायद्यानं जात नाही, त्यामुळे याहूनही कमी. चाळीस टक्के नुसत्या शेजारच्या धुरानं येऊच शकत नाहीत. ओढणाऱ्यांनी स्वतः कमी ओढलं, काहींनी सोडलं, हे त्यात मिसळलेलं असणार. हेलेनाच्या निबंधात हवेतला धूर किती घटला हे मोजलेलंच नव्हतं. आणि उरलेलं योगायोगाचं.

यावर दुसऱ्या बाजूनं कसून टीकाही झाली. अमेरिकेतल्याच काही अर्थशास्त्रज्ञांनी देशभरातली इस्पितळांची नोंद घेऊन बंदी असलेल्या आणि नसलेल्या प्रदेशांच्या जोड्या लावल्या. त्यांना एकूण काही ठळक घट सापडली नाही. पण मला त्यांची खरी कामाची गोष्ट वेगळी वाटते. त्यांनी दाखवलं, की छोट्या छोट्या गावांच्या अशा जोड्या लावत गेलात तर मोठी घट जितक्या वेळा दिसते, जवळजवळ तितक्याच वेळा मोठी वाढही दिसते. ज्या गावात झटके योगायोगानं कमी झाले तिथला डॉक्टर निबंध लिहितो. ज्या गावात वाढले तिथला डॉक्टर खांदे उडवतो आणि आपल्या कामाला लागतो. वाचकापर्यंत पोचतात ती पहिलीच गावं. हे काही अप्रामाणिकपणानं होत नाही. वाढलेल्या आकड्याला कथा नसते, एवढंच.

इथवर आले तेव्हा अप्पांचा मुलगा बरोबर ठरतोय की काय, असं मला वाटायला लागलं होतं.

मग स्कॉटलंड. तिथं २६ मार्च २००६ला सबंध देशात बंदी आली आणि जिल पेल नावाच्या संशोधिकेच्या गटानं बंदीच्या आधीच तयारी करून ठेवली होती. हेलेनात जुनी कागदपत्रं चाळली होती, इथं रुग्ण दाखल होतानाच मोजले. नऊ इस्पितळं, बंदीच्या आधीचे दहा महिने आणि नंतरचे तेच दहा महिने. छातीत दुखतंय म्हणून आलेला प्रत्येक माणूस मोजायचा नाही. दुखणं असेल आणि रक्तात ट्रोपोनिन वाढलेलं असेल तरच मोजायचा. भाचीनं मला हे समजावलं. हृदयाच्या स्नायूला रक्त मिळेनासं झालं, पेशी मरायला लागल्या, की हे प्रथिन रक्तात गळतं. पित्तानं छाती जळत असेल तर ते वाढत नाही. आमच्याकडे कचोरीनंतर येणारे अर्धे रुग्ण या चाळणीत बाहेर पडतील, असं ती म्हणाली, आणि यात ती थट्टा करत नव्हती.

दुसरी गोष्ट त्याहून छान. परिचारिका रुग्णाला विचारत, तुम्ही ओढता का, शेजारी कोणी ओढतं का, कुठं, किती वेळ. पण माणूस खोटं बोलतो, इस्पितळात तर हमखास. म्हणून रक्तात कोटिनिनही मोजलं. निकोटिन शरीरात मोडून कोटिनिन तयार होतं आणि दिवस-दोन दिवस रक्तात राहतं. ओढणाऱ्याच्या रक्तात ते भरपूर सापडतं, दुसऱ्याचा धूर घेणाऱ्याच्या रक्तात थोडं, लांब राहणाऱ्याच्या रक्तात जवळजवळ नाही. “मी तर कधीच नाही ओढत हो” म्हणणाऱ्याची आणि नुसता शेजारी बसणाऱ्याची फारकत रक्तच करतं.

निकाल असा आला. ३२३५ रुग्णांचे २६८४ झाले, घट सतरा टक्के. त्याच काळात इंग्लंडमध्ये, जिथं तेव्हा बंदी नव्हती, घट चार टक्के. स्कॉटलंडमध्ये आधीची दहा वर्षं दरसाल सरासरी तीन टक्के घट होतच होती. म्हणजे सतरामधून तीन-चार तर असेही वजा करा. मला मात्र खरा आकडा पुढचा वाटतो. ओढणाऱ्यांमधली घट चौदा टक्के, पूर्वी ओढून सोडलेल्यांमधली एकोणीस आणि कधीच न ओढलेल्यांमधली एकवीस. सिगारेटबंदीनं सगळ्यात जास्त फायदा कुणाचा झाला, तर सिगारेटला हातही न लावणाऱ्यांचा. कमी झालेल्या रुग्णांपैकी सदुसष्ट टक्के न ओढणारे होते. लोकांनी सोडली म्हणून झटके घटले, एवढंच खरं असतं तर हा क्रम उलटा लागायला हवा होता.

इंग्लंडची पाळी १ जुलै २००७ला आली. तिथं निवडक इस्पितळं न घेता सगळ्या देशाचे तातडीनं दाखल झालेले झटके मोजले, आधीपासून चालत आलेली उतरण, थंडी, सुट्ट्या, फ्लूची साथ, सगळं वजा केलं. उरली २.४ टक्के घट. हेलेनाच्या चाळीसपुढे हा आकडा अगदी केविलवाणा दिसतो, पण पहिल्या वर्षात सुमारे १२०० माणसं इस्पितळात आली नाहीत, असा त्याचा अर्थ. शिवाय इंग्लंडातल्या बऱ्याच कचेऱ्या, दुकानं कायद्याच्या आधीच आपणहून धूरमुक्त झाली होती, काढायला धूरच कमी उरला होता. मला कुणी विचारलं, यातला कुठला आकडा धरायचा, तर मी २.४ आणि सतराच्या मधला कुठलातरी सांगेन, आणि तोही “तिथं आधी किती धूर होता” हे विचारूनच. हेलेनाचा चाळीस मी सोडून दिला. दिशा मात्र धरून ठेवली.

आता अप्पांचा प्रश्न. आकडे देशाचे झाले. एका माणसाला दहा मिनिटांत काय होतं? कॅन्सर दहा मिनिटांत होत नाही, त्याला वर्षं लागतात. आपण धुराचा विचार कॅन्सरच्या वहीत करतो, म्हणून “एवढ्यानं काय होतंय” हे पटतं. हृदयाची वही वेगळी. जपानमध्ये २००१ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. तरुण, निरोगी पुरुष घेतले, काही ओढणारे, काही न ओढणारे, आणि त्यांना इस्पितळाच्या धूम्रपान खोलीत अर्धा तास नुसतं बसवलं. आधी आणि नंतर सोनोग्राफीनं हृदयाच्या रक्तवाहिनीतला प्रवाह मोजला. गरज पडल्यावर ही वाहिनी किती जास्त रक्त सोडू शकते, ती राखीव ताकद. अर्ध्या तासात न ओढणाऱ्यांची ताकद घसरून ओढणाऱ्यांच्या पातळीवर आली. ओढणाऱ्यांची होती तिथंच राहिली, त्यांची आधीच गेलेली होती. वाहिनीच्या आतलं अस्तर धुरानं लगेच बिघडतं, हवी तेव्हा ती सैल होत नाही. आणि रक्तातल्या प्लेटलेट चिकट होतात, गुठळी धरायला टपून बसतात. दोन्ही गोष्टी मिनिटांच्या हिशोबात घडतात आणि धूर गेला की काही काळानं उतरतातही. झटके वर्षानुवर्षांनी न घटता बंदीच्या पहिल्याच वर्षात का घटले, त्याचं कारण इथं आहे.

आणि धुराचं माप सरळ रेषेत चालत नाही. २०१८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्येच बऱ्याच अभ्यासांची बेरीज आली होती. रोज वीस ओढणाऱ्याचा हृदयविकाराचा जो वाढीव धोका, त्याचा विसावा भाग रोज एक ओढणाऱ्याला यावा, असं आपलं बाजारी गणित. प्रत्यक्षात जवळजवळ निम्मा येतो. पहिल्या थोड्या धुरातच प्लेटलेट चिकटायच्या त्या चिकटतात, पुढचा धूर त्यावर थोडी थोडी भर घालतो. पन्नाशीच्या पुढचा, वाहिनीत आधीच चरबीचा थर असलेला, नुकता स्टेंट बसवलेला माणूस असेल तर त्याच्यासाठी तो थर फुटून गुठळी धरण्याचा क्षणच महत्त्वाचा. तरीही अप्पा त्या बाकावर बसून राहिले असते तर बहुधा काहीच झालं नसतं. दहा मिनिटांचा एका माणसाचा धोका फारच लहान आहे. पण त्यांनी उठून जाण्यात काही अतिरेक केला, असं मला आता म्हणवत नाही. सोडलेल्या पोह्यांपुरता तो सौदा बरा होता.

त्या दुकानातली पाटी मी पुढच्या वेळी नीट वाचली. आपल्याकडचा नियम २ ऑक्टोबर २००८चा. पाटी साठ सेंटीमीटर बाय तीसची, दंड दोनशे रुपयांपर्यंत, हॉटेलात ॲशट्रे, काडेपेटी, लायटर ठेवायचे नाहीत, तीस किंवा त्याहून जास्त खुर्च्या असल्या तरच वेगळी बंद खोली चालते. आणि पाटीवर तक्रार कुणाकडे करायची त्या माणसाचं नाव लिहायचं. पाटी होती, माप होतं, सिगारेटीवर लाल काट मारलेलं चित्र होतं. नावाची जागा कोरी. दुकानदाराला विचारलं तर तो हसला, “दीदी, नाम लिख दूँगा तो सब मुझसे ही लड़ेंगे.” खरं आहे. ज्यानं गिऱ्हाइकाला पोहे वाढायचे त्यानंच त्याला हटकायचं. स्कॉटलंडच्या पबवाल्याला ते जमलं, कारण शेजारच्या पबवाल्यालाही तेच करावं लागत होतं आणि निरीक्षक खरोखर येत होता. इथं हटकलेला मुलगा चार पावलांवरच्या गुमटीवर जाऊन उभा राहील, जिथं सिगारेट सुटी मिळते आणि पेटवायला दोरी लटकलेली असते.

म्हणून इंदूरचं हेलेना होणं कठीण. कायद्याची तारीख आहे, पण धूर थांबल्याची तारीख नाही. सिनेमातला धूर कधी गेला? मला आठवत नाही, झोतातल्या लाटा हळूहळू विरळ झाल्या आणि एक दिवस नव्हत्याच. बँकेतला आधी गेला, बसमधला रेंगाळला, चहाच्या दुकानातला अजून जातोच आहे. आणि रुग्णांचं काय? भाची सांगते, रात्री खरगोनहून, धारहून, देवासहून गाड्या येतात. नातेवाईक पत्ता लिहिताना इंदुरातल्या मेहुण्याचा लिहितात, फोन तोच लागतो म्हणून. मग तो झटका हिशोबात इंदूरचा. शहरातला माणूस मात्र जवळच्या नर्सिंग होममध्ये जातो, तिथून दुसरीकडे हलवतात आणि एकच झटका दोन नोंदवह्यांत बसतो. काही वाटेतच जातात आणि कुठल्याच वहीत येत नाहीत. त्यात ट्रोपोनिनची चाचणी वर्षागणिक बारीक होत चालली आहे. पूर्वी ज्याला गॅस म्हणून घरी पाठवलं असतं तो आता छोटा झटका म्हणून दाखल होतो. म्हणजे धूर घटत असतानाही आकडे वाढलेले दिसतील आणि कुणीतरी म्हणेल, बघा, बंदीनं काही झालं नाही.

मी भाचीला म्हटलं, तुझ्या एका वॉर्डापुरतं तर करता येईल. पाच रकाने. राहतं गाव कुठलं, मेहुण्याचं नव्हे. ट्रोपोनिन वाढलं की नाही आणि चाचणी कुठल्या जातीची. स्वतः ओढतो का, बिडी की सिगारेट. घरात कोण ओढतं. आणि कामाच्या जागी धूर असतो का. चौथा रकाना मला सगळ्यांत हवा होता, कारण कायदा उंबरठ्याबाहेर थांबतो. नवरा ओसरीवर बिडी ओढतो आणि बायको आतल्या खोलीत असते, तिच्याबद्दल कुठलीच पाटी काही बोलत नाही. स्कॉटलंडात न ओढणाऱ्यांचीच घट मोठी आली, आपल्याकडे बहुतेक बायका ओढत नाहीत, तेव्हा मोजायला हव्यात त्या याच.

तिनं कागद घेतला, वाचला, चष्मा वर केला. “मावशी, रात्री तीन वाजता पेशंटला घाम फुटलेला, मुलगा रडतोय, बिलिंगवाला ॲडव्हान्स मागतोय आणि मी विचारू, घरात बिडी कोण ओढतं?”

“तेव्हा नको. डिस्चार्जच्या दिवशी विचार.”

“डिस्चार्जच्या दिवशी सगळे नाही म्हणतात.”

“म्हणून तर कोटिनिन.”

“त्याचे पैसे कोण देणार?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिनं पाचातले दोन रकाने ठेवले, गाव आणि घरातला धूर, बाकीचे पेनानं खोडले आणि म्हणाली, एवढे मी माझ्या डायरीत लिहीन, इस्पितळाच्या फाइलीत नाही. मी म्हटलं, दाखल झाल्याची तारीखही लिही, म्हणजे थंडीची गाठ थंडीशी घालता येईल. ती म्हणाली, तारीख तर मी तशीही लिहिते गं.